पुदिन्याचा चहा आणि पीसीओएस: हनुवटीवरचे केस, लांबणारी पाळी आणि कपात नेमकं किती

"एक भरगच्च छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम सुकी पानं, 250 मिली उकळत्या पाण्यात." पीसीओएस, म्हणजे बायकांमधल्या संप्रेरकांचा एक बिघाड, त्यासाठी स्पिअरमिंट या पुदिन्याच्या जातीच्या चहाची कृती शोधायला गेलं की हे वाक्य हमखास भेटतं. एकदा शंका आली म्हणून मी चमचा काट्यावर ठेवला. चुरलेल्या सुक्या पानांचा सपाट छोटा चमचा जेमतेम अर्धा ग्रॅम भरला. शीग लावली तरी ग्रॅमभराच्या आसपास. 5 ग्रॅम व्हायला मोठे तीन चमचे लागले, आणि कप अर्धा पानांनीच भरला.

म्हणजे एकच कृती वाचून एक बाई दिवसाला दीड-दोन ग्रॅम घेत असते आणि दुसरी दहा. पहिली म्हणते काही उपयोग नाही, दुसरी म्हणते पोट बिघडलं. दोघींचंही खरं असतं. त्यामुळे मापाचा विषय नीट घेऊच, पण त्याआधी या चहाकडून कशाची अपेक्षा धरायची ते पाहू. चेहऱ्यावरचे केस आणि लांबलेली पाळी या दोन तक्रारी एकाच आजारातून येत असल्या, तरी हा चहा दोघींशी सारखा वागत नाही.

माणसांवर काय तपासलं गेलं

या सगळ्याची सुरुवात जरा गमतीशीर आहे. तुर्कस्तानातल्या इस्पार्टा भागात पुदिन्याचा चहा भरपूर प्यायला जातो आणि तिथल्या पुरुषांच्या लैंगिक तक्रारी संशोधकांच्या कानावर येत होत्या. मेहमेट अकदोआन आणि सहकाऱ्यांनी मग उंदरांवर प्रयोग केले. पुदिन्याचा चहा पाजलेल्या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक खरंच उतरलं. पुरुषांना जे नको, ते अंगावर जाड केस वाढलेल्या बायकांना उपयोगी पडेल का, हा पुढचा प्रश्न होता.

त्यांचा बायकांवरचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात 21 जणी होत्या, त्यांतल्या 12 पीसीओएसच्या. पाळीनंतरच्या दिवसांत त्यांनी दिवसातून दोनदा, फक्त पाच दिवस, एकेक कप चहा घेतला. रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरलं, पण एकूण टेस्टोस्टेरॉनमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पाच दिवसांत केसांचं काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

ब्रिटनमध्ये पॉल ग्रँट यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जास्त नेटका आहे. पीसीओएस असलेल्या 42 जणींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला स्पिअरमिंटचा चहा दिला, दुसऱ्याला दुसराच एक हर्बल चहा, दोन्हींना दिवसातून दोनदा, 30 दिवस. 41 जणींनी तो पूर्ण केला. स्पिअरमिंटच्या गटात मोकळं आणि एकूण, दोन्ही टेस्टोस्टेरॉन उतरलं. आपल्या केसांचा त्रास कमी झाला, असं त्या बायकांनी स्वतःही सांगितलं. डॉक्टरांनी केसांची जी मोजपट्टी लावली, तिच्यात मात्र ठरवून सांगता येईल असा फरक दिसला नाही.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची ओळ हीच आहे. बाईला वाटलं की केस कमी झाले, रक्तातला आकडाही उतरला, पण केस मोजल्यावर फरक नाही. काही करतोय ही भावना, आरशाकडे पाहण्याची बदललेली नजर, नुकतंच केलेलं थ्रेडिंग, यांतून "फरक पडला" असं मनापासून वाटू शकतं. म्हणून पुढे मोजणीवर एवढा भर दिला आहे.

"गाठी विरघळतात" किंवा "पीसीओएस मुळापासून जातो" असे दावे येतात ते बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगांतून. त्यांतल्या काहींत चहाऐवजी पुदिन्याचं तेल दिलं होतं. कपातल्या पाण्याशी त्या तेलाची तुलना होत नाही, आणि ते तेल तोंडावाटे घेणं धोक्याचं आहे.

आकडा उतरला तरी केस का राहतात

रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं. जे थोडं मोकळं उरतं, ते केसांच्या मुळाशी पोहोचतं आणि तिथे त्याचं आणखी तीव्र रूप तयार होतं. त्याच्या जोरावर हनुवटीवरची मऊ लव जाड, काळ्या केसात बदलते. पीसीओएसमध्ये शरीरात इन्शुलिन वाढलेलं असेल तर एसएचबीजी घटतं, आणि मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा वाटा वाढतो.

एकदा मूळ जाड केस द्यायला लागलं की ते सहजी माघार घेत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी झालं तर नवीन मुळं बिघडण्याचा वेग मंदावतो, आणि आहे तो केस गळून पुढचा येतो तेव्हा तो जरा बारीक, जरा हळू वाढणारा असू शकतो. हे चक्र पुरं व्हायला महिने लागतात. म्हणूनच गर्भनिरोधक गोळ्यांसारख्या पक्क्या उपचाराचाही केसांवरचा परिणाम किमान सहा महिने थांबून मग जोखतात. महिनाभर चहा पिऊन हनुवटी गुळगुळीत होणं शरीराच्या हिशेबातच बसत नाही.

आज दिसणारे केस काढायचे तर काढावेच लागतात: थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर, लेझर, इलेक्ट्रोलिसिस, जे सोसेल ते. रेझरने केस जाड होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला राठ लागतं, एवढंच.

पाळीचं प्रकरण वेगळं

पाळी नियमित होते का, हे या दोन्ही अभ्यासांत तपासलंच नव्हतं. पाच दिवसांत किंवा महिनाभरात ते कळणारही नाही. ज्या बाईची पाळी 45 दिवसांनी येते, तिचं एक चक्रसुद्धा त्या 30 दिवसांत बसत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दोन्ही अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन उतरताना एलएच आणि एफएसएच ही मेंदूकडून बीजकोशाला हुकूम देणारी संप्रेरकं वाढली. काही लेखांत हे "हार्मोन सुधारले" म्हणून येतं. पीसीओएसमध्ये एलएच बऱ्याच जणींचं मुळातच चढलेलं असतं. ते आणखी वाढलं याचा अर्थ बीज वेळेवर सुटायला लागलं, असा निघत नाही. तेव्हा चहाने पाळी सुरळीत होते असं म्हणायला आज आधार नाही.

चहा सुरू केल्यावर पाळी आली, असं कितीतरी जणी सांगतात. पीसीओएसमध्ये पाळी मुळातच लहरी असते, कधी 38 दिवस, कधी 70. साहजिकच कोणताही उपाय आपण पाळी फार लांबली की सुरू करतो, आणि फार लांबलेली पाळी त्यानंतर केव्हातरी येतेच. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे पीत होतो त्याला जातं. शिवाय चहाबरोबर चालणं, गोड कमी करणं, झोपेची वेळ पाळणंही सुरू झालेलं असतं. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. तो फरक कपाच्या खात्यावर मांडू नये.

हा विषय मी ताणून धरते आहे त्याला कारण आहे. पाळी येत नसली तरी गर्भाशयाच्या आतलं अस्तर इस्ट्रोजेनवर वाढत राहतं. बीज सुटलं तर त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं आणि अस्तर पाळीवाटे बाहेर पडतं. बीजच सुटलं नाही तर आवर घालणारं कोणी नसतं. महिनोन् महिने असं चाललं तर अस्तर जाड होतं, पेशींची वाढ बिघडते, आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून 90 दिवसांचा नियम: शेवटची पाळी सुरू झाल्यापासून 90 दिवस उलटले आणि पाळी नाही, तर आधी गर्भचाचणी, आणि ती नकारात्मक आली तर डॉक्टरांकडे. ते बहुधा थोड्या दिवसांच्या प्रोजेस्टेरॉन गटातल्या गोळ्या देऊन पाळी आणतात. चहा चालू आहे म्हणून हे 90 दिवस 120 करायचे नाहीत.

कपाआधीची तयारी

चहा सुरू करण्यापूर्वी निदान पक्कं असू द्या. चक्र नेहमी 35 दिवसांपेक्षा लांब, 21 पेक्षा छोटं, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या, याला अनियमित म्हणतात. (वयात नुकत्याच आलेल्या मुलींना हे निकष जसेच्या तसे लावत नाहीत.) पण पाळी थायरॉइडमुळे लांबते, प्रोलॅक्टिन वाढल्यानेही लांबते, आणि जाड केस अॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात दोषातही येतात. त्यासाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासतात. हे न बघता "मला पीसीओएस आहे" असं ठरवून पुदिना सुरू केला, तर दुसराच आजार कपाआड दडून राहील.

काही लक्षणांत चहाचा विचारही नको. केस वर्षानुवर्षे हळूहळू वाढण्याऐवजी दोन-चार महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या बाजूंनी टक्कल पडू लागलं, योनीजवळचा शिश्निका हा भाग मोठा झाला, किंवा एकूण टेस्टोस्टेरॉन 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं, तर बीजकोशात किंवा अॅड्रिनलमध्ये टेस्टोस्टेरॉन बनवणारी गाठ नाही ना, हे तातडीने पाहावं लागतं.

हा चहा कोणी टाळायचा? गर्भवती असाल किंवा मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील, तर नियमित औषधासारखा घेऊ नका. पुरुषी संप्रेरक दाबणारी कोणतीही गोष्ट मुलग्याच्या गर्भाच्या जडणघडणीत ढवळाढवळ करू शकते. पाळी लहरी असल्यामुळे गर्भ राहिलेला उशिरा कळतो, म्हणून गर्भधारणा नको असेल तर गर्भनिरोधन चालू ठेवूनच चहा घ्या. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तरी नको, कारण उंदरांमध्ये या अवयवांवर वाईट परिणाम दिसले आहेत. तिथल्या चहाची ताकद लिटरला 20 ग्रॅम होती, म्हणजे 250 मिलीला 5 ग्रॅम, बरोब्बर आपली ती प्रसिद्ध कृती. फरक एवढाच की उंदीर पाण्याच्या जागी दिवसभर तेच पीत होते. वजनाच्या मानाने पाहिलं तर ते दोन कप पिणाऱ्या बाईच्या दसपट किंवा त्याहून जास्त चहा घेत होते. त्यामुळे निरोगी बाईने दोन कपांना घाबरायचं कारण नाही, पण "नैसर्गिक आहे, पाच कप पिऊ" असंही करायचं नाही.

स्पायरोनोलॅक्टोन हे केसांवरचं औषध किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर चहाने वेगळं काय साधलं ते कळणार नाही. त्या गोळ्यांच्या जागी चहा तर अजिबात नाही.

कप: पान, वजन, वेळ

आधी पान ओळखा. पुदिना या एका नावाखाली बऱ्याच जाती खपतात. अभ्यास झाले ते मेंथा स्पिकाटा, म्हणजे स्पिअरमिंटवर. पेपरमिंट वेगळं. नाकाला फरक लगेच कळतो: पान चुरगाळल्यावर नाकात थंडगार झणका बसला तर मेंथॉल जास्त, म्हणजे पेपरमिंट. वास गोडसर, मऊ, च्युइंगगमची आठवण करून देणारा असेल तर त्यात कार्व्होन हे द्रव्य आहे, आणि ते स्पिअरमिंट. डब्यावर वनस्पतीचं नाव छापलेलं असलं तर उत्तम. "मिंट ग्रीन टी" म्हणजे मुख्यतः ग्रीन टी, त्यात पुदिना चवीपुरता.

वजन चमच्याने करू नका. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, एकदाच मोजा आणि आपल्या घरच्या कोणत्या वाटीत किंवा चमच्यात तेवढी पानं बसतात ते लक्षात ठेवा. टी-बॅगमध्ये सहसा दीड ते दोन ग्रॅम असतात, म्हणजे एक बॅग त्या 5 ग्रॅमच्या निम्मीही नाही. ताजी पानं वापरायची तर त्यांत जवळपास 85 टक्के पाणी असतं. 5 ग्रॅम सुक्याच्या बरोबरीला साधारण 30 ग्रॅम ताजी पानं लागतील, चांगली मोठी जुडी. कपात तरंगणारी चार पानं फक्त चवीची.

किती घ्यायचं, यावर माझा सल्ला असा. पहिला आठवडा दिवसाला एक कप, त्यात 2 ग्रॅम सुकी पानं. पोट, छाती, त्वचा सगळं ठीक असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून दोन कप. सोसलं तर कपाला 3-4 ग्रॅमपर्यंत जा. कपाला 5 ग्रॅम आणि दिवसाला दोन कप, म्हणजे एकूण 10 ग्रॅम, ही मी वरची हद्द धरते. 2 ग्रॅमपेक्षा 5 ग्रॅम जास्त गुणकारी असं माणसांवर कोणी तुलना करून दाखवलेलं नाही, तेव्हा सोसत नसताना आकडा गाठण्याचा हट्ट नको.

पाणी उकळलं की गॅस बंद करा, पानांवर ओता आणि लगेच झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी गाळा. पानं पाण्यात घालून खळखळा उकळत ठेवली की वासाची द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात आणि कप कडवट होतो. साखर नको. इन्शुलिनचा प्रश्न असलेल्या शरीरात दिवसाला चार चमचे साखर घालून आपणच उलटं काम करू.

वेळेचं एक पथ्य बहुतेक जणी चुकवतात. पुदिन्याच्या जातीच्या चहात असलेली पॉलिफेनॉल जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत. पीसीओएसमध्ये पाळी उशिरा आली की बऱ्याचदा धो धो येते, आणि रक्तक्षय आधीच उंबरठ्यावर असतो. म्हणून कप जेवणाला लागून नको, तासभर तरी आधी किंवा नंतर. लोहाची गोळी चालू असेल तर त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. ज्यांना छातीत जळजळतं त्यांना पुदिन्याने ती वाढू शकते. तसं झालं तर रात्रीचा कप आधी बंद करा, तरी राहिली तर चहाच बंद.

मोजणी कशी ठेवायची

केसांसाठी डॉक्टर फेरीमन-गॉलवे मोजपट्टी वापरतात: अंगाच्या नऊ जागा, प्रत्येकीला 0 ते 4 गुण. किती गुणांच्या वर जास्त केस म्हणायचं हे वंशानुसार बदलतं. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ही रेघ 4 ते 6 च्या दरम्यान आहे. पण ही पट्टी मोठ्या पायऱ्यांची आहे, घरी लहान फरक टिपायला ती पुरत नाही.

घरी करायचं ते असं. हनुवटीवर एखाद्या तिळाशेजारी नाण्याएवढा भाग ठरवा. या भागात थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करू नका, कारण उपटलेला केस कित्येक आठवडे वर येत नाही आणि मोजणी खोटी पडते. तिथे फक्त रेझर फिरवा. बरोबर सातव्या दिवशी, खिडकीशी, भिंगातून काळे जाड केस मोजा. लव मोजू नका. चहा सुरू करण्याआधीच असं दोन आठवडे मोजा. दोन्ही आकड्यांत थोडा फरक येईल, आणि तेवढी आपल्या हाताची चूक धरायची. पुढे फरक त्याच्याहून मोठा असेल तरच तो फरक.

पाळीची नोंद पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. नुसता डाग पडला तर तो पाळीचा पहिला दिवस धरू नका.

रक्त तपासायचं तर सकाळी, शक्यतो पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत आणि दर वेळी त्याच प्रयोगशाळेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना या तपासणीला अर्थ नाही. मोकळं टेस्टोस्टेरॉन थेट मोजण्याच्या स्वस्त पद्धती बायकांच्या कमी पातळीला भरवशाच्या नसतात. त्यापेक्षा एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी मोजून त्यांचं गुणोत्तर काढावं. टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर 0.0347 ने गुणा, नॅनोमोल प्रति लिटरमधल्या एसएचबीजीने भागा, 100 ने गुणा.

सहा महिन्यांचा एक हिशेब

हा हिशेब समजण्यासाठी मी रचलेला आहे, पण आकडे रोज दिसतात तसे घेतले आहेत. सत्तावीस वर्षांची एक बाई. पाळी 40 ते 60 दिवसांनी, हनुवटीवर आणि ओठांवर जाड केस, कोणतंही औषध नाही, सध्या मूल नको म्हणून कंडोमचा वापर. टीएसएच, प्रोलॅक्टिन, 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ठीक. मागच्या पाळीत केलेल्या तपासणीत एकूण टेस्टोस्टेरॉन 62 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, एसएचबीजी 28. गुणोत्तर 62 × 0.0347 = 2.15, त्याला 28 ने भागून 100 ने गुणलं की 7.7. हनुवटीवरच्या ठरलेल्या जागी दोन आठवड्यांचे आकडे 35 आणि 33. म्हणजे दोन-तीन केसांचा फरक तिने फरक समजायचा नाही.

चहा सुरू केला तेव्हा पाळीला 48 दिवस झाले होते आणि गर्भचाचणी नकारात्मक होती. पहिला आठवडा 2 ग्रॅमचा एक कप, दुसऱ्या आठवड्यात दोन कप, तिसऱ्यापासून कपाला 4 ग्रॅम. सकाळचा कप न्याहारीच्या तासभर आधी, दुसरा संध्याकाळी. चहाच्या नवव्या दिवशी पाळी आली, म्हणजे 57 व्या दिवशी. तिला वाटलं, चहा लागू पडला. पण 57 दिवस तिच्या नेहमीच्या 40 ते 60 मध्येच बसतात. पुढची पाळी 43 दिवसांनी आली, तीही त्याच पट्ट्यात.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी केस 32. तिच्या चुकीच्या हद्दीत, म्हणून नोंद एवढीच: बदल नाही. रेझर मात्र दोन दिवसांऐवजी तीन दिवसांनी लागतोय असं तिला जाणवत होतं. ती जाणीव तिने वेगळ्या रकान्यात लिहिली, केसांच्या आकड्यात मिसळली नाही.

त्यानंतर पाळी आलीच नाही. चहाच्या 142 व्या दिवशी, शेवटच्या पाळीपासून 90 दिवस पूर्ण झाले. गर्भचाचणी नकारात्मक. ती डॉक्टरांकडे गेली, गोळ्या सुरू होण्याआधी रक्त दिलं: टेस्टोस्टेरॉन 49, एसएचबीजी 29, गुणोत्तर 5.9. सोनोग्राफीत अस्तर तपासलं, थोड्या दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनंतर पाळी आली. इथे दोन गोष्टी एकाच कागदावर दिसतात: टेस्टोस्टेरॉनचा आकडा पाचव्या हिश्श्याने उतरला आहे आणि त्याच काळात तिची पाळी तीन महिने गायब आहे. आकड्यातला काही भाग नेहमीचा चढउतारही असेल, कारण एकाच बाईचं टेस्टोस्टेरॉन दोन वेगळ्या दिवशी तंतोतंत सारखं येत नाही.

सहा महिने पूर्ण झाले तेव्हा केस 27. चौतीसच्या सरासरीवरून सात कमी, हाताच्या चुकीपेक्षा जास्त. हा चहाचा परिणाम असू शकतो, पण तुलनेला दुसरी हनुवटी नाही, म्हणून "असू शकतो" एवढंच. आणि नाण्याएवढ्या जागेत 27 जाड केस अजून आहेतच.

तिने डॉक्टरांशी बोलून ठरवलं ते असं. केसांसाठी लेझर सुरू करायचं, कारण ते मुळांवर थेट काम करतं. पाळीसाठी नियमित उपचार, गर्भनिरोधक गोळ्या की दर तीन महिन्यांनी प्रोजेस्टेरॉन, हे तिचं वजन, रक्तदाब, मायग्रेन आणि घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हे पाहून. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घेतलं, फेरिटिन खाली आलं होतं. तिने संध्याकाळचा कप बंद केला आणि त्या वेळी लोहाची गोळी सुरू केली. सकाळचा कप ठेवला. तो तिला आवडतो.